जास्तीची लांबी कुठे जिरते

मशीनजवळ अजून जाऊ नका. चेन गेलेलं जॅकेट आधी मांडीवर घ्या आणि नुसतं पाहा. रनर कुठे अडकलाय, दात कुठून निखळलेत, आणि चेनच्या शेजारचं कापड कसं पडलंय, एवढंच. हात लावायची घाई नको. कापड ओढून सरळ करायचा मोह होईल, पण तोही आवरा. ओढलेलं कापड आपली लांबी खोटी सांगतं, आणि या कामातल्या बहुतेक चुका त्या खोट्या लांबीतून सुरू होतात.

जिवतीत हे काम हिवाळ्यात येतं. माणिकगड पहाडावरचं हे पठार पहाटे चांगलंच गारठतं. कापूस वेचायला निघालेली माणसं गळ्यापर्यंत चेन लावून बाहेर पडतात, ऊन चढलं की तीच चेन उघडते, संध्याकाळी पुन्हा बंद होते. कुणी मोटरसायकलवर घाट उतरून गडचांदूरला जातं, तेव्हा समोरचा वारा जॅकेटात शिरून चेनवर आतून जोर देतो. शेतातली बारीक माती आणि कापसाचे तंतू रनरच्या पोटात जाऊन बसतात ते वेगळंच. ही माती प्रत्येक फेरीला रनरच्या आतल्या भिंती थोड्या थोड्या घासते. म्हणून इथल्या जॅकेटांत दात शाबूत आणि रनर झिजलेला, असं पुष्कळदा दिसतं.

तेव्हा पहिला विचार हा, की चेन खरंच बदलायची आहे का? रनर हळू वर न्या. तो वर जातोय, पण त्याच्या मागे चेन पुन्हा उघडी पडतेय, तर बहुधा दात निर्दोष आहेत आणि रनरचा जबडा सैल झालाय. रनरच्या दोन्ही बाजूच्या खालच्या कडा पक्कडीनं अगदी थोड्या दाबा, एक बाजू, मग दुसरी, आणि प्रत्येक वेळी चेन लावून पाहा. रनर ओतीव धातूचा असतो, तो जास्त दाब सोसत नाही, कट्कन तुटतो. दाबूनही जमलं नाही तर नुसता रनर बदलता येतो. त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा आकडा असतो, ३, ५, ८, असा; त्याच आकड्याचा आणि त्याच जातीच्या दातांचा रनर हवा. प्लास्टिकच्या सुट्या दातांवर नायलॉनच्या वेटोळ्याचा रनर चालत नाही, आकडा तोच असला तरी.

पण मधलाच दात गेला असेल, किंवा खालच्या टोकाची पिन जिथे पट्टीला धरलेली असते तिथे पट्टीच विरून दोरे सुटले असतील, तर दुरुस्तीत अर्थ नाही. जॅकेटची चेन सहसा इथेच मरते. पिन पेटीत घालताना आपण ती रोज याच जागी वाकवतो. मग चेन बदलायची.

आता थोडं थांबून चेन या वस्तूकडेच पाहू या. आज आपण वापरतो ती चेन गिडिअन सुंदबॅक या स्वीडिश-अमेरिकन अभियंत्यानं १९१३ मध्ये घडवली आणि १९१७ मध्ये तिचं पेटंट त्याला मिळालं. प्रत्येक दाताला एका अंगाला उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला खळगा. रनर दोन्ही रांगा एका कोनात जवळ आणतो आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसवतो. हे जमायचं तर दातांमधलं अंतर दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखंच राहिलं पाहिजे. म्हणून दात ज्या पट्टीवर बसतात ती पट्टी घट्ट विणलेली, आज बहुधा पॉलिस्टरची, आणि जवळजवळ न ताणणारी असते.

आपल्या कामाची सगळी अडचण इथे आहे. बाहीची शिलाई घाला, तर दोन्ही बाजूंना कापडच असतं. एक थोडं जास्त भरलं तर दुसरं थोडं ताण खातं आणि शिलाई निभावून जाते. चेनच्या शिलाईत एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला लांबी न बदलणारी पट्टी. कापड कितीही जास्त आलं तरी पट्टी त्याच्यासाठी लांबत नाही. मग ती जास्तीची लांबी जाणार कुठे? ती टाक्याटाक्यांच्या मध्ये उभी राहते. चुणी म्हणजे एवढंच: जागा न मिळालेली लांबी.

हे मनात धरून पुन्हा मांडीवरच्या कपड्याकडे बघा. चुण्या सगळ्या एकसारख्या नसतात, आणि कोणती कशामुळे पडली हे ती स्वतःच सांगते.

चेन सरळ आहे, पट्टीही सरळ, पण लगतचं कापड लाटांसारखं उठलंय, तर कापड जास्त आणि पट्टी कमी. उलट, कापड हातभर दूरपर्यंत ताठ आहे आणि चेनच नागमोडी होऊन, माणूस बसला की पोटावर फुगून वर येते, तर पट्टी जास्त आणि कापड कमी. लोक या दोन्हीला "चेन फुगते" असंच म्हणतात, पण दोन्हीचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तिसरी जात बारीक असते. टाक्यागणिक एकेक सुरकुती, वरपासून खालपर्यंत सारखीच. इथे लांबीचा दोष नाही, दोरा फार ताणात आहे किंवा पातळ, घट्ट विणीच्या कापडात टाके फार दाट पडलेत. चौथी तिरकी: चेन लावल्यावर कापडाच्या रेघा एका बाजूहून दुसऱ्या बाजूला खेचल्यासारख्या दिसतात, आणि कॉलरची टोकं खालीवर होतात. याचा अर्थ दोन्ही बाजू आपापल्या जागी ठीक असतील, पण एकमेकींशी जुळलेल्या नाहीत.

एका आईनं मुलाचं जॅकेट आणलं होतं, त्यावर ही गोष्ट नीट बघता येईल. चेन आधी एकदा बदलून झालेली होती. त्या म्हणाल्या, "चेन तं नवीनच टाकली होती जी, पण समोरून अशी चुणून राह्यते. अन् आता खालून सुटली." बाहेरून पॉलिस्टरचं कापड, आत पातळ फायबर, त्याखाली अस्तर. खालची पिन पट्टीतून सुटलेली. पोराच्या उजव्या बाजूला चेनलगत कापडाच्या लाटा, डावी बाजू मात्र सपाट. चेन लावून धरली तर उजवी कॉलर डावीपेक्षा बोटाच्या जाडीएवढी वर.

इथे क्षणभर विचार करा, काय झालं असेल? डावी सपाट, उजवी लाटांची, आणि उजवी वर चढलेली. दोन्ही बाजूंचं कापड एकाच मापाचं कापलेलं असणार. म्हणजे फरक शिवताना पडला. मशीनच्या पायाखाली दातेरी पट्टी असते, ती खालचा थर मागे सरकवते. वरून पाय दाबून धरतो आणि वरच्या थराला थोडं अडवतो. त्यामुळे खालचा थर भराभर जातो, वरचा मागे रेंगाळतो. हातभर शिलाईत हा फरक काही मिलिमीटरांचा होतो. एक बाजू खालून वर शिवली आणि दुसरी वरून खाली, तर एका बाजूचा फरक वरच्या टोकाला जमतो, दुसऱ्या बाजूचा खालच्या. शिवणाऱ्याला ही दिशा सोयीची वाटते, कारण दोन्ही वेळा जॅकेटचा ढीग मशीनच्या डावीकडे राहतो. चुणी नको असेल तर ही सोय सोडावी लागते.

उसवणं सावकाश करायचं काम आहे. कापड चेनपासून फाडल्यासारखं ओढून टाके तोडू नका. ओढ कापडाच्या कडेला लागते, आणि कड लांबते. दर चार-पाच टाक्यांनी एक टाका ब्लेडच्या कोपऱ्यानं कापा, मग उलट्या बाजूचा दोरा अलगद निघून येतो. वरची दाबशिलाई कुठून कुठवर होती, कडेपासून किती अंतरावर होती, हे उसवण्याआधीच खडूनं कापडावर टिपून ठेवा. कॉलरच्या वरच्या शिलाईत पट्टीचं टोक गेलेलं असतं. ती शिलाई इंचभरच उघडा, जास्त नको. दोऱ्यांचे तुकडे चिमटीनं वेचून काढा. जुनी चेन टाकून देऊ नका, ती पुढे लागेल.

आणि आता हात काढून घ्या. उसवलेलं जॅकेट सपाट पसरून थोडा वेळ पडू द्या. आधीच्या शिलाईनं कड जशी धरून ठेवली होती, तशीच ती काही वेळ वागते. मंद इस्त्री, वर सुती फडकं टाकून, ओढत न नेता उचलून ठेवत चालवा. पॉलिस्टरला आणि फायबरला जास्त उष्णता सोसत नाही. कापड चकाकायला लागलं तर इस्त्री गरम आहे असं समजा. लाटा बसतील तितक्या बसू द्या. ज्या बसणार नाहीत त्या कापडात कायमच्या लांबल्या आहेत, त्यांचा हिशोब पुढे करायचा आहे.

आता माप. इंचटेप कडेवर ठेवा, कड टेपवर ओढू नका. फायबरच्या जॅकेटात वरच्या फुगीर अंगावरून मोजलं तर माप जास्त येतं. जिथे शिलाई जाणार त्या रेघेवर, फायबर बोटांनी दाबून धरत, थोडं थोडं मोजत जा. खालच्या दुमडीपासून कॉलरच्या माथ्यापर्यंत. त्या जॅकेटात डावी कड ६१ सेंटिमीटर भरली, उजवी ६२. उसवून काढलेली जुनी चेन मोकळी टाकून मोजली, तर ६१.

हा एक सेंटिमीटरच उजवीकडच्या लाटा. तो कापडात आधी नव्हता, शिवताना ओढून-ताणून तयार झाला आणि मग पट्टीवर कोंबला गेला. आपण आता त्याला कापून टाकू शकत नाही. तो खालच्या दुमडीपासून कॉलरपर्यंत सगळीकडे थोडा थोडा पसरलेला आहे. त्याला तसाच पसरवून, थोडा थोडा जिरवायचा आहे. ६१ सेंटिमीटरात एक सेंटिमीटर म्हणजे दर दहा सेंटिमीटरात दीड मिलिमीटरच्या थोडं वर. फायबर भरलेलं मऊ कापड एवढं गिळून टाकतं आणि दिसूही देत नाही. पातळ, कडक, वाऱ्याला अडवणारं नुसतं पॉलिस्टर असतं, तर मला याच्या निम्मंसुद्धा जिरेल अशी खात्री वाटली नसती.

जुन्या चेनच्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कुर्त्यात जास्त दिसतं. सुती कुर्ता धुण्यात आटतो, चेनची पॉलिस्टरची पट्टी आटत नाही. समजा पाठीवरची चेन ४० सेंटिमीटरची आणि कापड शंभरात तीन आटलं, तर कापड जवळपास सव्वा सेंटिमीटरनं कमी झालं आणि पट्टी तेवढीच राहिली. मग चेन पाठीवर फुगते. असा कुर्ता दुरुस्तीला आला आणि आपण जुन्या चेनएवढीच नवी चेन आणून तिच्या सगळ्या लांबीवर कापड ताणून बसवलं, तर तोच फुगा पुन्हा शिवून देऊ. वापरून आटलेल्या कुर्त्याचं आजचं माप घ्या आणि चेन त्याला बसवा. नवा कुर्ता शिवत असाल तर कापड आधी पाण्यातून काढा, मगच चेन लावा.

जॅकेटकडे परत. आपल्याला ६१ सेंटिमीटर म्हणजे २४ इंची चेन हवी. खालून पूर्ण सुटणारी, पिन आणि पेटीची, ५ नंबरची, प्लास्टिकच्या दातांची, जशी आधी होती. पेटीच्या खालच्या टोकापासून वरच्या शेवटच्या दाताशी असलेल्या अडथळ्यापर्यंतचं हे माप असतं, त्यावर निघालेली मोकळी पट्टी त्यात धरत नाहीत. बाजारात २२ आणि २६ इंचीच होत्या. अशा वेळी लोक २२ घेतात, "थोडीच कमी आहे" म्हणून. दोन इंच जास्तीचं कापड २२ इंचात कोंबलं तर चुण्या ठरलेल्याच. नाही कोंबलं तर कॉलर उघडी राहते आणि गार वारा नेमका गळ्यात शिरतो. नेहमी मोठी घ्या आणि वरून कमी करा. खालून नाही, कारण पिन आणि पेटी तिथे कारखान्यातच बसवलेली असते, ती पुन्हा बसवता येत नाही.

दात काढण्याआधी रनर अर्ध्याखाली आणायचा, हे लक्षात ठेवा. वरचे अडथळे कापले गेले की रनरला अडवायला काही उरत नाही, आणि वर असलेला रनर सरळ हातात येतो. चेन पूर्ण लावून, दोन्ही पट्ट्यांवर एकाच जागी ६१ सेंटिमीटरची खूण करा, म्हणजे दोन्हीकडचा शेवटचा दात समोरासमोर राहील. मग रनर अर्ध्याखाली आणा आणि खुणेच्या वरचे दात काढा. प्लास्टिकच्या दाताचं डोकं नखं कापायच्या कटरनं तोडलं की उरलेला भाग पट्टीतून सुटतो; पट्टीला मात्र कात्री लागू देऊ नका. वर दीड-दोन सेंटिमीटर मोकळी पट्टी कॉलरच्या शिलाईसाठी ठेवून बाकीची कापा, आणि कापलेली कड मेणबत्तीच्या आचेजवळ नेऊन दोरे वितळवून बंद करा. शेवटच्या दातावर जाड दोऱ्याचे सात-आठ घट्ट टाके एकावर एक घ्या, तो नवा अडथळा. त्याची जागा कॉलरच्या शिलाईच्या दोन-तीन मिलिमीटर खाली असावी. शिलाईच्या आतच दात गेला तर मशीनची सुई तुटते.

यापुढचं काम खरं जुळवणीचं. माझ्या मते मशीनवरच्या कौशल्यापेक्षा हे जास्त ठरवणारं आहे, आणि नेमकं हेच घाईत वगळलं जातं.

डावी पट्टी मधोमध घडी घालून खूण करा, त्या अर्ध्यांच्या पुन्हा मधोमध. डाव्या कडेचेही तसेच चार भाग. खुणेवर खूण ठेवून आधी त्या जागाच धरा. टाचण्या लावायच्या तर फक्त शिलाईच्या मायेत, कारण पॉलिस्टरला पडलेलं भोक बुजत नाही. आता दोन खुणांमधल्या एकाच भागाकडे लक्ष द्या. पट्टी आणि कापड दोन्ही सैल, दोन्ही सारखे. अंगठ्यानं मधून दाबून पाहा. कुठलाही एक थर वर उचलला जात असेल तर तिथे फरक आहे, तो इथेच वाटून टाका. मग सुईदोऱ्यानं कच्चा टाका घाला, टाके सेंटिमीटरभराचे, दोरा न खेचता. टाका ओढून घट्ट केला की तिथेच पहिली चुणी बांधली जाते.

डावी बाजू कच्ची झाली की चेन लावा. आता तुमच्यासमोर डाव्या कापडावरच्या सगळ्या ठळक जागा आहेत: कॉलरची शिलाई, खिशाचं तोंड, फायबरच्या आडव्या शिवणी, खालची दुमड. त्यातली प्रत्येक जागा चेनच्या पलीकडे उजव्या पट्टीवर खडूनं पुढे न्या. या रेघा हातानं, हळू काढा. चेन लावलेली असतानाच त्या काढायच्या, उघडून नव्हे. मग चेन सोडा. उजव्या कापडावरची कॉलरची शिलाई उजव्या पट्टीवरच्या कॉलरच्या रेघेवर, खिसा खिशाच्या रेघेवर, असं बसवत जा. ज्या बाजूचं माप ६२ आहे ती ही बाजू. तिचा एक सेंटिमीटर आता या रेघांच्या मध्ये आपोआप वाटला जातो. प्रत्येक टप्प्यात कापड पट्टीपेक्षा किंचित भरलेलं राहतं. बोटांच्या टोकांनी तो भरलेपणा टप्पाभर सारखा करा, एका ठिकाणी गोळा होऊ देऊ नका. इथे कच्चे टाके डावीपेक्षा जवळजवळ घ्या, अर्ध्या सेंटिमीटरवर.

पुन्हा चेन लावा आणि जॅकेट टांगून पाहा. मशीनचा एकही टाका नसताना, नुसत्या कच्च्या दोऱ्यावर चेन कशी पडते हे दिसतं. कॉलर समोरासमोर आली का, खिसे एका रेषेत आले का. जी चूक इथे दिसेल ती आत्ता एक दोरा ओढून सुटते. मशीनवर पक्की झाली की तासभर खाते.

मशीनची तयारी थोडक्यात. अशा जॅकेटला १४ नंबरची सुई पुरते, फायबर जाड असेल तर १६. टाका तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचात आठ-नऊ. दाट टाका मजबूत वाटतो, पण घट्ट विणीच्या कापडात प्रत्येक टाका दोऱ्यासाठी जागा मागतो आणि विणीचे धागे बाजूला रेटतो. त्या रेट्यानंच ती तिसऱ्या जातीची बारीक सुरकुती येते. याच थरांचा एक तुकडा घेऊन वरच्या दोऱ्याचा ताण तपासा. दोन्ही बाजूंना टाका सारखा दिसेल आणि तुकडा सपाट राहील इथवर ताण कमी करत या. पाय अर्ध्या बाजूचा, चेन लावायचा घ्या. नेहमीच्या पायाची एक बाजू दातांवर चढते, पाय कलतो आणि टाका वाकडा जातो.

शिवताना कापड खाली ठेवायचं, पट्टी वर. डाव्या बाजूला यानं फारसा फरक पडत नाही, कारण लांबी जुळलेली आहे. उजव्या बाजूला मात्र हेच औषध आहे. खालची दातेरी पट्टी खालचा थर जास्त वेगानं आत घेते, हे आपण पाहिलं. तर जो थर जास्त लांब आहे तोच तिच्यावर ठेवला की त्याचा सेंटिमीटर ती स्वतःच जिरवत नेते. ज्या गोष्टीनं आधी चुणी पाडली तिच्याकडूनच ती काढून घ्यायची. कापड सुलट बाजू वर करून ठेवा, चेन तिच्यावर उलटी, दात आतल्या अंगाला. शिलाई दातांपासून चार-पाच मिलिमीटरवर; त्याहून जवळ गेली तर रनरला चालायला जागा राहत नाही आणि तो कापड चावतो.

दोन्ही बाजू खालून वर शिवा. उजव्या बाजूला त्यासाठी पाय सरकवून घ्यावा लागेल आणि जॅकेटचा ढीग मशीनच्या हाताखालून न्यावा लागेल. नेताना त्याचं ओझं टेबलावरून खाली लोंबू देऊ नका. लोंबणारं जॅकेट सुईजवळच्या कापडाला ओढतं, आणि आपण इतक्या काळजीनं सैल ठेवलेली कड पुन्हा ताणली जाते. बाजूला स्टूल ओढून त्यावर ठेवा. दोन्ही हातांनी कापडाला फक्त दिशा द्या. पुढून ढकलू नका, मागून खेचू नका. पायमशीन असेल तर इथे ती उपयोगी पडते, एकेक टाका पाहत जाता येतो.

रनर वाटेत येईल. त्याच्या जवळ पोचण्याआधी थांबा, सुई कापडात खाली असू द्या, पाय उचला, रनर हळूच शिवून झालेल्या भागाकडे सरकवा, पाय टेकवा, पुढे चला. सुई वर ठेवून हे केलं तर कापड जागचं हलतं आणि शिलाईत तिथे एक बारीक पायरी दिसते.

दोन्ही बाजू झाल्या की पुन्हा एकदा चेन लावून पाहा. मगच कॉलरचं उघडलेलं टोक बंद करा, मोकळी पट्टी तिरकी दुमडून आत घ्या, अस्तर जागेवर बसवा आणि जुन्या रेघेवरून वरची दाबशिलाई मारा, तीही दोन्हीकडे खालून वर. दाबशिलाईत चार थर एकदम जातात, त्यामुळे इथे वरचा थर पुन्हा मागे राहू लागतो. ज्यांना वाटतं की आतली शिलाई नीट झाली म्हणजे काम झालं, त्यांच्या चुण्या इथे येतात. अस्तर आणि बाहेरचं कापड आधी कच्च्या टाक्यानं एकत्र धरा, आणि दर वीतभर अंतरावर थांबून सुई खाली ठेवत पाय उचला, म्हणजे साचलेला थर मोकळा होतो. कच्चे टाके सगळं संपल्यावर काढा.

त्या जॅकेटात शेवटी कॉलर समोरासमोर आली आणि लाटा गेल्या. उजव्या खिशाच्या वर, बारकाईनं पाहिलं तर, एक अगदी सौम्य फुगवटा राहिला. तिथे कड सर्वांत जास्त ताणलेली होती आणि फायबर पातळ होतं. तो राहणारच होता. त्याला घालवायचं तर बाहेरचं कापड उघडून कड नव्यानं कापावी लागली असती, आणि पोराच्या रोजच्या जॅकेटसाठी ते मला योग्य वाटलं नाही. आईला ती जागा दाखवून सांगितलं.

तपासणी टांगलेल्या कपड्यावर पूर्ण होत नाही. जॅकेट अंगात घालून, चेन लावून, बसायला लावा. बसल्यावर पुढचं कापड घडी खातं आणि पट्टी जास्त असेल तर चेन तेव्हाच वर येते. मग हात वर करायला लावा. कॉलर एका बाजूला खेचली जातेय का पाहा. रनर वरखाली फिरवा, आणि जिथे तो जड जाईल तिथे शिलाई दातांच्या जवळ गेलीय का ते बोटानं चाचपा. पहिल्या धुण्यानंतर एकदा पुन्हा पाहायला सांगा. तेव्हा लाट एखाद्याच टप्प्यात आली, तर सगळी चेन उसवू नका. लाटेच्या वर आणि खाली एकेक खूण करून तेवढाच भाग उसवा, दोन-तीन इंच पलीकडे जाऊन, सैल पडू द्या, कच्चा टाका घाला, आणि तोच टप्पा कापड खाली ठेवून पुन्हा शिवा.